नऊ लाखांची अपेक्षा, वाळूजचा पत्ता

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग करणारा एक कारखाना आहे असं धरू. त्याला क्वालिटी इंजिनिअर हवा आहे. अनुभव चार ते सहा वर्षं, तीन पाळ्यांमध्ये काम, आठवड्याची सुट्टी गुरुवारी, पगाराचं बजेट वर्षाला साडेसहा ते आठ लाख सीटीसी. ग्राहक-कंपनीकडून तक्रार आली की तिचं मूळ शोधायचं, नव्या भागाच्या मंजुरीची कागदपत्रं तयार करायची, पुरवठादारांकडे जाऊन तपासणी करायची, असं काम. जाहिरात लागते आणि आठवडाभरात अर्जांचा ढीग जमतो.

छाननी करणाऱ्याच्या शीटमध्ये प्रत्येक नावापुढे अनुभव आणि कौशल्य यांच्याबरोबर आणखी दोन रकाने असतात, अपेक्षित पगार आणि सध्याचं ठिकाण. हे दोन रकाने भरायला सगळ्यात सोपे आणि वाचायलाही सगळ्यात सोपे. म्हणूनच पहिली कात्री त्यांच्यावरच चालते. आकडा बजेटच्या वर दिसला की नाव खाली जातं. गाव वेगळं दिसलं की आणखी खाली. पुणे परिसरातल्या कारखान्यांना माणसं शोधून देण्याचं काम मी करते आणि या कात्रीने किती चांगली माणसं पहिल्याच दिवशी गळतात हे रोज पाहते. त्याचबरोबर ही कात्री अजिबातच न चालवल्यामुळे तीन-तीन फेऱ्या पार पडून, ऑफर लेटर निघून, शेवटी जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद लागल्याचंही पाहते. म्हणजे पगार आणि ठिकाण बघायचंच नाही, असं म्हणून चालत नाही. उमेदवाराची योग्यता ठरवताना या दोन गोष्टींनी त्याचे गुण नेमके कधी कमी व्हावेत, हा खरा प्रश्न आहे.

वर सांगितलेल्या जागेसाठी आलेले तीन अर्ज आपण जवळून पाहू. ही तीन माणसं अनेक फायलींमधून जुळवलेली आहेत, त्यामुळे त्यांना नावं देत नाही, गावावरून ओळखू. पहिली छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजची. पाच वर्षांचा अनुभव, ग्राहकांच्या तक्रारी हाताळण्यात हातखंडा, अपेक्षा नऊ लाख. दुसरा हडपसरचा. अनुभव साडेचार वर्षं, काम ठीकठाक ते चांगलं, अपेक्षा साडेसात लाख. तिसरा ठाण्याचा. आठ वर्षांचा अनुभव, तिघांत सगळ्यात तयार, अपेक्षा अकरा लाख.

शीट नुसती वरवर पाहिली तर निकाल लागल्यातच जमा आहे. हडपसरचा पगारात बसतो, ठिकाण पुणे, जागाही पुण्याची, त्यामुळे तो सर्वांत वर. वाळूजचीचा पगार बजेटबाहेर आणि शहरही वेगळं, म्हणजे दोन्हीकडून गुण कापले. ठाण्याचा सर्वांत खाली. तिघांपैकी शेवटच्याबद्दलचा हा निकाल जवळपास बरोबर निघतो. पहिल्या दोघांबद्दलचा साफ चुकीचा.

आधी पगाराचं बघू, कारण तिथे गफलत जास्त होते. नऊ लाख आणि आठ लाख हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवले की वाटतं, एक लाखाचा फरक आहे. पण सीटीसी म्हणजे हातात पडणारे पैसे नव्हेत. माणसामागे कंपनीचा वर्षाला जो काही खर्च होतो तो सगळा त्यात धरलेला असतो आणि तो कसा धरायचा याची प्रत्येक कंपनीची वही वेगळी. कंपनीच्या वाट्याचा पीएफ त्यात असतो. ग्रॅच्युइटीची तरतूद असते, मूळ वेतनाच्या 4.81 टक्के, जी साधारणपणे पाच वर्षं पूर्ण केल्याशिवाय हातात येत नाही. कामगिरीवर मिळणारी रक्कम, जिला सगळे व्हेरिएबल म्हणतात, तीही त्यातच. कुठे ती सीटीसीच्या दहा टक्के असते, कुठे पंधरा, कुठे मुळीच नसते.

म्हणून मी वाळूजच्या उमेदवाराला फोनवर विचारते, ‘नऊ लाख म्हणजे महिन्याला हातात किती यायला हवेत?’ ती सांगते, पंचावन्न हजार. हा आकडा तिच्या डोक्यात पक्का आहे, कारण घरी पाठवायचे पैसे, हप्ता आणि पुण्यात लागणारं खोलीचं भाडं यांची बेरीज तिने केलेली आहे. नऊ लाख हा आकडा तिने नंतर काढला, आत्ताच्या कंपनीची सॅलरी स्लिप समोर ठेवून.

आता तोच हिशेब दोन्ही वह्यांमध्ये मांडू. मूळ वेतन एकूण मासिक पगाराच्या निम्मं धरू. तिची आत्ताची कंपनी पीएफ पूर्ण मूळ वेतनावर कापते, 12 टक्के तिच्या पगारातून आणि तितकाच कंपनीकडून. सीटीसीतला 15 टक्के भाग व्हेरिएबल. या पद्धतीने महिन्याला 55,000 हातात पडायचे तर कापण्याआधीचा पगार साधारण 58,700 लागतो. त्यात कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळवली की वर्षाचा पक्का खर्च 7 लाख 64 हजारांच्या आसपास जातो आणि वर 15 टक्के व्हेरिएबल धरलं की बरोबर नऊ लाख. म्हणजे तिने मागताना काही वाढवून सांगितलेलं नाही.

चाकणचा कारखाना मात्र पीएफ 15,000 रुपयांवरच कापतो, म्हणजे महिन्याला 1,800 तिचे आणि 1,800 कंपनीचे. व्हेरिएबल दहा टक्के. इथे 55,000 हातात पडायला वर्षाचा पगार 6 लाख 84 हजार लागतो, त्यात व्यवसाय कराचे वर्षाचे 2,500 रुपये आले. 2025-26 पासूनच्या नव्या करप्रणालीत एवढ्या पगारावर आयकर भरावा लागत नाही. कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी धरून पक्का खर्च 7 लाख 22 हजार आणि व्हेरिएबल धरून आठ लाखांच्या किंचित वर. जाहिरातीतल्या बजेटच्या अगदी कडेवर, पण आवाक्यात.

एक लाखाचा जो फरक शीटमध्ये लाल रंगात दिसत होता तो दोन वह्यांच्या पद्धतीतला फरक निघाला. अर्थात तिला हेही स्पष्ट सांगावं लागतं की हातात पडणारे पैसे तेवढेच असले तरी इथे पीएफ खात्यात वर्षाला जवळपास एक्केचाळीस हजार कमी जमा होतील आणि व्हेरिएबलही कमी मिळेल. तिला ते पटेल किंवा पटणार नाही. पण हा निर्णय तिचा आहे. तिच्या वतीने छाननी करणाऱ्याने तो आधीच घेऊन टाकायचा आणि तिच्या योग्यतेचे गुण कमी करायचे, हा अन्याय आहे आणि कंपनीचं नुकसानही.

इथे एक आक्षेप हमखास येतो. कारखान्याचे मॅनेजर म्हणतात, ‘मॅडम, आत्ता तिला सहा लाख वीस हजार मिळतायत. नऊ मागतेय म्हणजे पंचेचाळीस टक्के वाढ! एवढी कोणी देतं का?’ पुण्यामुंबईकडे नोकरी बदलताना सध्याच्या पगारावर वीस-तीस टक्के वाढ हा जणू नियमच होऊन बसलाय. पण गुण कापण्याचं हे कारण होऊच शकत नाही. जागेचं बजेट त्या कामाची किंमत सांगतं. उमेदवाराला आज काय मिळतं ते फार तर तिच्या आत्ताच्या कंपनीबद्दल काही सांगतं. पहिली नोकरी लहान गावात, लहान कंपनीत, पडत्या काळात लागली तर पगार कमी सुरू होतो, आणि पुढची प्रत्येक नोकरी त्याच आकड्यावर टक्के लावून ठरली तर ती व्यक्ती आयुष्यभर मागेच राहते. बायकांच्या बाबतीत हे फार घडतं. याच कारणासाठी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने 2016 साली कायदा केला आणि 1 जुलै 2018 पासून नोकरी देणाऱ्याने आधीचा पगार विचारण्यावर बंदी आली. युरोपीय संघाच्या 2023 सालच्या निर्देशातही ही मनाई आहे आणि शिवाय मुलाखतीआधी उमेदवाराला पगाराचा पट्टा सांगण्याचं बंधनही आहे. सदस्य देशांना त्यासाठी 7 जून 2026 पर्यंतची मुदत दिली गेली. आपल्याकडे आधीचा पगार सर्रास विचारतात, सॅलरी स्लिपही मागतात. निदान योग्यता मोजताना तरी तो रकाना झाकून ठेवावा असं माझं ठाम मत आहे. अपेक्षित पगार विचारावा, कारण तो पुढच्या व्यवहाराबद्दल आहे.

आणि जाहिरातीतच पगार दिला नसेल तर? ‘पगार योग्यतेनुसार’, ‘इंडस्ट्री स्टँडर्डप्रमाणे’ एवढंच लिहिलेलं असेल, तर उमेदवाराने सांगितलेला आकडा हा अंधारात मारलेला अंदाज असतो. तो बजेटच्या वर गेला म्हणून त्याचे गुण कापणं म्हणजे आपण लपवलेली गोष्ट त्याला ओळखता आली नाही याची शिक्षा देणं. अशा वेळी आधी बजेट सांगायचं, मग पुन्हा विचारायचं, आणि दुसऱ्यांदा आलेलं उत्तरच धरायचं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात 2021 पासून जाहिरातीतच पगाराचा पट्टा देणं सक्तीचं आहे. आपल्याकडे तसं नसलं तरी पट्टा छापण्यापासून कंपन्यांना कोणी अडवलेलं नाही.

बजेटपेक्षा कमी मागणाऱ्यांबद्दलही दोन शब्द. साडेसहा ते आठच्या जागेसाठी कोणी साडेचार लाख मागितले तर काही जण त्याला ‘स्वस्तात मिळतोय’ म्हणून वर चढवतात, काही जण ‘एवढं कमी मागतोय म्हणजे दम नसणार’ म्हणून खाली उतरवतात. दोन्ही चूक. कमी मागण्यावरून त्याचं काम कसं आहे हे कळत नाही. गुण जसेच्या तसे ठेवायचे आणि नेमणूक झाली तर पगार पट्ट्यातला द्यायचा.

आता ठाण्याच्या उमेदवाराकडे वळू, कारण गुण कमी करण्याची वेळ इथे खरंच येते. त्याच्याशी बोलल्यावर कळतं की त्याला आज व्हेरिएबल सोडून साडेनऊ लाख पक्के मिळतात. अकरा लाख ही त्याची अपेक्षाही पक्क्या पगाराची आहे, वह्यांचा घोळ नाही. जाहिरातीतला पट्टा आणि तो कशासाठी आहे हे सांगितल्यावरही तो म्हणतो, दहाच्या खाली विचार करणार नाही. दुसरीकडे कारखान्याला विचारलं, तर बजेट वाढण्यासारखं आहे का? नाही, आणि त्याला कारण आहे. त्याच लाइनवर आत्ता काम करणारे दोन इंजिनिअर सव्वासात ते पावणेआठ लाखांच्या दरम्यान घेतात. त्याच कामाला तिसऱ्याला दहा दिले तर महिन्याभरात ते दोघे राजीनामा घेऊन उभे राहतील, आणि त्यांनी तसं केलं तर त्यांना दोष देता येणार नाही. म्हणजे दोन्ही बाजूंचे आकडे एकाच मापात मोजलेले आहेत, दोन्ही बाजूंनी स्वतः सांगितलेले आहेत आणि दोन्हीकडे सरकायला जागा नाही. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच पगारातल्या अंतराने योग्यतेचा एकूण निष्कर्ष खाली आणावा. त्यातली एक जरी अनिश्चित असली तरी निष्कर्षाऐवजी त्या जागी प्रश्नचिन्ह लिहावं आणि फोन करावा.

किती अंतर म्हणजे जास्त, याला शास्त्रीय सूत्र नाही. माझा अंदाजाचा ठोकताळा असा आहे की पट्ट्याच्या वरच्या टोकापेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त अपेक्षा असेल तर काहीच कापायचं नाही, फक्त विचारायचं, कारण एवढं अंतर बोलण्यात, व्हेरिएबलच्या वाटणीत किंवा जॉइनिंग बोनसमध्ये भरून निघतं. पाव हिश्श्याहून जास्त असेल आणि बजेट खरंच बांधलेलं असेल तर कौशल्य कितीही असो, ही फाइल या जागेसाठी पुढे नेऊ नये. ठाण्याचा उमेदवार वरच्या टोकापेक्षा सदतीस टक्क्यांनी पुढे आहे, खाली उतरल्यावरही पंचवीस टक्क्यांनी.

पण कमी काय करायचं, हे नीट समजून घ्यायला हवं. त्याचं काम येण्याबद्दलचं मूल्यमापन एका गुणानेही खाली येता कामा नये. तिघांत तोच सर्वांत तयार होता आणि पगार ऐकल्यानंतरही तो तेवढाच तयार आहे. मी दोन आकडे वेगळे ठेवते. एक, हे काम त्याला किती जमेल. दुसरा, ही जोडी प्रत्यक्षात किती जमेल. पगार आणि ठिकाण यांची जागा फक्त दुसऱ्या आकड्यात. दोन्ही एकत्र करून ‘62 टक्के योग्य’ असा एकच आकडा काढला की त्यातून काहीच कळत नाही. काम अर्धवट येणारा स्थानिक माणूसही 62 आणि काम उत्तम येणारा महागडा माणूसही 62. पहिल्याला शिकवावं लागेल, दुसऱ्याशी बोलावं लागेल, आणि शीट मात्र दोघांबद्दल एकच गोष्ट सांगते.

शिवाय आकडे एकत्र असले की एकच गोष्ट दोनदा कापली जाते. जास्त पगार मागितल्याचे गुण एकदा पगाराच्या रकान्यात जातात आणि मग मुलाखतीच्या शेऱ्यात पुन्हा, वेगळ्या वेषात. ‘ओव्हरक्वालिफाइड वाटतो.’ ‘टिकेल असं वाटत नाही.’ ‘अ‍ॅटिट्यूड आहे.’ मुलाखत घेणाऱ्याला अकरा लाखांचा आकडा आधीच माहीत असेल तर उमेदवाराच्या सरळ उत्तरातही त्याला ताठा ऐकू येतो. यावर साधा उपाय आहे. तांत्रिक मुलाखत घेणाऱ्यांच्या हातात जो कागद जातो त्यावर पगाराचा रकाना ठेवायचाच नाही. पगाराचं बोलणं छाननी करणाऱ्याने पहिल्याच फोनवर उरकायचं, म्हणजे तीन फेऱ्या वाया जात नाहीत.

आता ठिकाण. हडपसरच्या उमेदवाराचं गाव आणि जागेचं गाव दोन्ही ‘पुणे’. शीटमध्ये हिरवी खूण. पण हडपसर ते चाकण हे अंतर पस्तीस-चाळीस किलोमीटरचं, शहराच्या एका टोकाकडून निघून नाशिक रस्त्याला लागायचं, मोशीवरून पुढे जायचं आणि चाकणच्या चौकांमधली कोंडी ओलांडायची. ऑफिसच्या वेळेत हा प्रवास एका बाजूने दोन तासांच्या घरात जातो. पहिली पाळी सकाळी सातला सुरू होते म्हणजे त्याला साडेचारला उठावं लागणार, आणि दुसरी पाळी सुटल्यावर घरी पोहोचायला मध्यरात्र उलटणार. कंपनीची बस आहे, पण ती निगडी, भोसरी आणि आळंदीकडून येते, हडपसरहून नाही. त्याला विचारलं, तिकडे राहायला जाल का? तो म्हणतो, नाही, घर स्वतःचं आहे, दुचाकीने येईन. रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर दुचाकी, तीन पाळ्यांमध्ये, पावसाळा धरून. सहा महिन्यांत अशी माणसं थकतात आणि हडपसरजवळ पाचशे-हजार कमी पगाराची नोकरी मिळाली तरी निघून जातात. मी त्यांना दोष देत नाही.

वाळूजची उमेदवार मात्र सव्वादोनशे किलोमीटरवरची. इतक्या अंतरावरून रोज येण्याचा प्रश्नच नाही, म्हणून तिच्याबाबतीत गोष्ट सरळ आहे. एकतर ती मुक्काम हलवणार किंवा नाही. ती हलवणार आहे आणि ते तिच्या बोलण्यातून कळतं. तिने न विचारता सांगितलं की भोसरीत बहीण राहते, सुरुवातीला तिच्याकडे आणि मग खोली बघेन. तिने विचारलं की कंपनीची बस भोसरीत कुठे थांबते. सुट्टी गुरुवारी की रविवारी हे विचारलं, कारण घरी जायचं तर त्यावर गणित आहे. खोलीचं भाडं काय पडतं हे विचारलं. माणूस खरंच यायचं मनात आणतो तेव्हा असे बारीक प्रश्न विचारतो. ‘हो सर, काही प्रॉब्लेम नाही, कुठेही चालेल’ असं पहिल्या सेकंदाला येणारं उत्तर मला जास्त काळजीत टाकतं. अशा वेळी मी गुण कापत नाही, पण दोन दिवसांनी पुन्हा फोन करते आणि विचारते की राहायचं काय ठरवलं.

म्हणजे ठिकाणाबाबत बघायचं ते दोन शहरांची नावं जुळतात का हे नाही. काम माणसाच्या प्रत्यक्ष हजेरीशी किती बांधलेलं आहे आणि ती हजेरी तो कशी देणार, हे बघायचं. क्वालिटी इंजिनिअर लाइनवर उभा नसेल तर काम होत नाही, म्हणून इथे ठिकाणाला वजन आहे. हिंजवडीतल्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीचं काम महिन्यातून एकदा ऑफिसात येऊन भागत असेल तर कोल्हापूरच्या माणसाचा ठिकाणावरून एकही गुण जाऊ नये. पण आठवड्यातून तीन दिवस यायचं असेल तर त्याला पुण्यात राहावंच लागणार, आणि मग तीन दिवस काय, पाच दिवस काय, प्रश्न तोच. रेझ्युमेवरचा पत्ता तर अनेकदा गावाकडचा, कायमचा म्हणून दिलेला असतो. धाराशिवचा पत्ता लिहिणारा मुलगा चार वर्षं चाकणमध्येच खोली करून राहत असतो. पत्ता वाचून गुण कापण्याआधी ‘सध्या कुठे राहता?’ एवढं तरी विचारायला हवं.

अंतर मोजून गुण कापण्यात आणखी एक धोका आहे, तो अधिक गंभीर. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीने आपल्या कॉल सेंटरसाठी माणसं निवडताना माहितीचा अभ्यास करून घेतला तेव्हा दिसलं की कामाच्या जागेपासून लांब राहणारे लवकर सोडून जातात. निष्कर्ष आकड्यांनी खरा होता. तरीही कंपनीने तो निकष वापरला नाही, कारण लांबून येणारे बरेच जण गरीब वस्त्यांमधले होते आणि अमेरिकेतल्या शहरांत वस्ती आणि वंश एकमेकांत गुंतलेले असतात. अंतर मोजता मोजता आपण माणसाची वस्ती मोजायला लागतो. आपल्याकडे हे वेगळं सांगायची गरज नाही. पत्त्यातल्या दोन शब्दांवरून जात, धर्म, घरची परिस्थिती यांचा अंदाज बांधणारी माणसं निवड समितीत बसलेली असतात आणि ‘लांब पडेल त्याला’ हे वाक्य त्यासाठी फार सोयीचं पडतं. म्हणून माझा आग्रह असतो की किलोमीटर मोजू नयेत. सगळ्या उमेदवारांना एकच प्रश्न त्याच शब्दांत विचारावा: पाळ्या अशा आहेत, बस अशा भागांतून येते, तुम्ही वेळेवर कसे पोहोचणार? उत्तर पटण्यासारखं असेल तर विषय संपला. बायकांना नवऱ्याच्या नोकरीबद्दल, मुलांबद्दल विचारायचं आणि पुरुषांना नाही, हेही त्यात येतं. वाळूजच्या उमेदवाराने बहिणीचं स्वतःहून सांगितलं, मी ते विचारलं नसतं.

हे सगळं झाल्यावर माझ्या शीटचा क्रम बदललेला असतो. वाळूजची सर्वांत वर, काम आणि जमण्याची शक्यता दोन्ही चांगली, पगाराच्या रकान्यात ‘आठ लाखांत बसते, पीएफचा फरक सांगितला आहे’ असा शेरा. हडपसरचा तिच्या खाली, कामाचे गुण आहेत तेवढेच, जमण्याच्या रकान्यात ‘तीन पाळ्या, बस नाही, घर सोडणार नाही’. या शेऱ्याचा उपयोग असा की कारखान्याला दुसरा उमेदवार मिळाला नाही तर त्याला कायम जनरल शिफ्ट देता येईल का, हा विचार करता येतो. नुसता कमी आकडा लिहिला असता तर तो विचार कोणाला सुचलाही नसता. ठाण्याचा या जागेच्या यादीतून बाहेर, पण त्याच्या फाइलवर ‘काम उत्तम, दहा लाख पक्के, सीनियर जागा निघाली तर आधी फोन करणे’ असं लिहिलेलं. गुण कापले तरी ते का कापले हे लिहून ठेवायलाच हवं, कारण बजेट बदलतं, बसचे मार्ग बदलतात, माणसांची घरंही बदलतात, आणि कामाचा अनुभव मात्र तसाच राहतो.

अर्ज भरणाऱ्यांसाठीही यात एक गोष्ट आहे. अपेक्षित पगाराच्या रकान्यात नुसते लाख लिहू नयेत. जागा असेल तिथे ‘महिन्याला हातात इतके, व्हेरिएबल सोडून’ असं लिहावं, फॉर्ममध्ये जागा नसेल तर पहिल्या फोनवर स्वतःहून सांगावं. ठिकाणाच्या रकान्यात गावाकडच्या कायमच्या पत्त्याऐवजी आज राहतो तो भाग लिहावा आणि मुक्काम हलवणार असलात तर कधीपर्यंत हेही लिहावं. ‘नोटीस पिरियड 60 दिवस, त्यानंतर भोसरीत मुक्काम’ एवढी एक ओळ वाळूजच्या उमेदवाराच्या रेझ्युमेवर असती तर तिचं नाव खाली टाकायला कोणालाच कारण मिळालं नसतं.